मोजलेल्या २८, मान्य १२

सहामाही प्रगती अहवालाच्या नमुन्यात एक छोटा चौकोन असतो: ‘पूर्ण झालेले काम (टक्के)’. माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातल्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात त्या चौकोनात मी ७० लिहिलं होतं. आकडा खोटा नव्हता. गाळ भरलेल्या ४० कुप्या मोजायच्या होत्या, २८ मोजून झाल्या होत्या. भागाकार केला, लिहून टाकलं. आठवड्याभराने तो आकडा खोडून मी ३० केला, आणि त्या आठवड्यात अहवाल म्हणजे काय हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. ती गोष्ट तपशिलात सांगायची आहे, कारण अहवाल कसा लिहावा याच्या सूचना खूप मिळतात, पण एखादा अहवाल आतून कसा बदलत गेला हे कुणी फारसं लिहीत नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. एका तलावाच्या तळातून आम्ही गाळाचा ६० सेंटिमीटर लांबीचा उभा नमुना, म्हणजे कोअर, काढला होता. वरचा गाळ नवा, खालचा जुना. कुठला थर कुठल्या साली साचला हे कळलं तरच पुढच्या सगळ्या अभ्यासाला अर्थ, म्हणजे परागकण, कार्बन आणि धातूंच्या प्रमाणाला. गेल्या शंभर-दीडशे वर्षांतल्या गाळाचं वय काढायला शिसं-२१० वापरतात. हे किरणोत्सारी शिसं हवेतून सतत तलावावर पडत असतं, गाळात पुरलं जातं आणि दर २२.३ वर्षांनी निम्मं होत जातं. वरच्या थरात ते जास्त, खाली जाल तसं कमी. ही उतरंड नीट मोजली की वर्षं मिळतात.

अडचण एकच. गाळातल्या मातीत मुळातच थोडं रेडियम असतं, आणि त्यापासूनही शिसं-२१० तयार होत राहतं. हा भाग कधी संपत नाही, त्यामुळे वय काढायला तो निरुपयोगी. म्हणून एकूण शिशातून हा घरचा भाग वजा करायचा आणि उरेल ते हवेतून आलेलं, ‘अधिकचं’ शिसं धरायचं. सगळी कालगणना या वजाबाकीवर उभी असते.

आता हा घरचा भाग मोजायचा कसा? रेडियमपासून रेडॉन वायू होतो, रेडॉनपासून शिसं-२१४ होतं, आणि शिसं-२१४चा गॅमा किरण ३५२ केईव्ही ऊर्जेला स्पष्ट दिसतो. तो मोजला की रेडियम कळतं. पण रेडॉन वायू आहे. कुपीला बारीकशी फट असली तरी तो निघून जातो. म्हणून गाळ वाळवून, दळून, कुपीत भरून ती हवाबंद करायची आणि थांबायचं. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. २१ दिवसांत रेडियम आणि रेडॉनचा समतोल साधारण ९८ टक्क्यांपर्यंत येतो, २८ दिवसांत ९९च्या वर. आम्ही २८ दिवस थांबत होतो. ही प्रतीक्षा कुठल्याही युक्तीने कमी होत नाही. माझ्या अहवालातल्या सगळ्या तारखा शेवटी या २८ दिवसांभोवती फिरतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

बाकी योजना साधी होती. वरच्या २० सेंटिमीटरमधला प्रत्येक काप आणि त्याखालचा एकाआड एक काप, अशा ४० कुप्या. एका कुपीला गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टरवर २४ तास. डिटेक्टर दोघांत एक, माझ्या वाट्याला आठवड्याचे चार दिवस, त्यातला एक दिवस प्रमाणित नमुना आणि रिकाम्या कुपीच्या मोजणीला. म्हणजे आठवड्याला तीन कुप्या, ४० कुप्यांना १४ आठवडे. आधी भरणं-दळणं तीन आठवडे, प्रतीक्षा चार. एकूण २१. सहामाहीच्या २६ आठवड्यांत बसवून पाच आठवडे गणितासाठी उरत होते. मागच्या बैठकीत समितीसमोर हेच मांडलं होतं आणि तिघांनीही मान डोलावली होती.

मसुद्यातला विलंबाचा परिच्छेद मी एका बैठकीत लिहिला होता. द्रव नायट्रोजनचा पुरवठा ११ दिवस बंद होता, डिटेक्टर गरम झाला, तो पुन्हा थंड करून स्थिर होईपर्यंत मोजणी थांबली, सबब १२ कुप्या शिल्लक राहिल्या. वाचायला चोख. कारण बाहेरचं, पुराव्याला नोंदवही, कुणाचाच दोष नाही. ‘सबब’ हा शब्द तर अहवालासाठीच जन्माला आला असावा इतका तो तिथे शोभत होता.

हा परिच्छेद मी शेजारच्या टेबलावरच्या एका ज्येष्ठ संशोधक मैत्रिणीला वाचायला दिला. तिने पेन्सिलीने समासात एक हिशेब केला. ११ दिवसांत तुझ्या वाट्याचे किती? आठवड्याला चार, म्हणजे सहाच्या आसपास. त्यात एखादा दिवस प्रमाणित नमुन्याचा. म्हणजे बुडाल्या साधारण पाच कुप्या. मागे आहेस १२. उरलेल्या सात कुठे गेल्या?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी डिटेक्टरची नोंदवही उघडून बसले. सात दिवस सापडले. पहिल्या तुकडीतल्या सात कुप्या मी दोनदा मोजल्या होत्या. उतरंड सुरेख येत होती, आणि ती खरंच तशी आहे ना याची खात्री करावीशी वाटली होती. एखाद-दुसरी फेरमोजणी हवीच, ती पद्धतच आहे. सात मात्र खात्रीसाठी नव्हत्या, माझ्या मनाच्या समाधानासाठी होत्या. तो निर्णय मी कुणाला सांगितला नव्हता, आणि विलंबाच्या परिच्छेदात तो नायट्रोजनच्या मागे आपोआप लपला होता. मी लपवला असं नाही. पण एक खरं कारण हाताशी असलं की बाकीची कारणं शोधायला माणूस जात नाही.

हा हिशेब करताकरताच त्याहून मोठी गोष्ट हाती लागली.

मी कुप्या खोलीच्या क्रमाने मोजत नव्हते. पहिल्या १२ वरच्या. दुसऱ्या तुकडीत १६ होत्या: १३ ते २० क्रमांकाच्या, आणि त्यांच्यासोबत अगदी तळाच्या ३३ ते ४०, म्हणजे ४५ ते ५९ सेंटिमीटर खोलीच्या. तळ आधी बघावा असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सुचवलं होतं, कारण कोअर पुरेसा खोल गेलाय की नाही ते लवकर कळतं. पुरेसा खोल गेला असेल तर तळाशी अधिकचं शिसं जवळपास शून्य यायला हवं.

ते शून्य येत नव्हतं. आठही कुप्यांत किलोला ७ ते १० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे अणू विघटित होतील इतकं, अधिकचं शिसं दिसत होतं. मसुद्याच्या ‘निष्कर्ष’ या भागात मी त्याचा अर्थही लावून टाकला होता: तलावात गाळ अपेक्षेपेक्षा वेगाने साचला असावा, त्यामुळे ६० सेंटिमीटरचा तळसुद्धा दीडशे वर्षांपेक्षा तरुण आहे. नवं काही सापडल्याचा आनंद त्या वाक्यात होता. तो मला आजही दिसतो.

त्या संध्याकाळी नोंदवही समोर होती म्हणून सगळे आकडे एका कागदावर उतरवले. सगळ्यात वरच्या कुपीत एकूण शिसं १८०, २० सेंटिमीटरवर ६०. घरचा भाग साधारण ३१. म्हणजे अधिकचं शिसं १४९ वरून २९ वर आलं, पाचपट घट. अर्धायुष्याच्या हिशेबाने एवढी घट व्हायला पन्नासेक वर्षं लागतात. २० सेंटिमीटरला पन्नासेक वर्षं, याच गतीने ४५ सेंटिमीटरला एकशेवीसच्या आसपास. तिथे अधिकचं शिसं ४च्या खाली हवं, आणि ५९ला एकाच्या आसपास. माझ्याकडे तळाच्या चौदा सेंटिमीटरमध्ये आकडा खाली उतरतच नव्हता. वर झरझर घटणारी रेषा खाली एकदम आडवी होत होती.

झपाट्याने साचलेला गाळ असता तर वरची उतरंडही मंद दिसली असती. दोन्ही एकाच तलावात कसं? वजाबाकीतली एक बाजू चुकत असली पाहिजे. एकूण शिसं चुकायला फारसं कारण नव्हतं, ते शिसं-२१०च्या स्वतःच्या ४६.५ केईव्हीच्या किरणावरून मोजलं जातं. उरला घरचा भाग. तो कमी मोजला गेला तर वजा कमी होतं आणि अधिकचं शिसं फुगतं. आणि तो कमी मोजला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रेडॉनची गळती.

मग आठवलं. पहिल्या १२ कुप्यांची झाकणं मी एपॉक्सीने बंद केली होती. दुसऱ्या तुकडीच्या वेळी एपॉक्सी संपलं होतं, नवं यायला दोन आठवडे लागणार होते. मी झाकणं घट्ट लावली, वरून पॅराफिल्म या ताणल्या जाणाऱ्या मेणपट्टीचे दोन वेढे दिले आणि पुढे गेले. पाण्याला ते पुरतं. रेडॉनला पुरतंच असं नाही. तेव्हा मनात शंका आली होती का, हे प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आली होती. दोन आठवडे वाचवण्याच्या घाईत ती मागे पडली.

शंका तपासायचा एक मार्ग हाताशी होता. रेडियमचा स्वतःचा एक क्षीण किरण १८६ केईव्हीला असतो आणि त्याला रेडॉनशी देणंघेणं नसतं. त्याच जागी युरेनियमच्या रेषेची भेसळ असते, ती गृहीत प्रमाणाने वजा करावी लागते, म्हणून एकेका कुपीसाठी हा आकडा भरवशाचा नाही. माझ्याकडे त्यातली अनिश्चितता १५ टक्क्यांच्या आसपास होती. पण साठवलेले सगळे वर्णपट उघडून मी दोन्ही तुकड्यांची सरासरी काढली. ३५२वरून आलेलं रेडियम भागिले १८६वरून आलेलं रेडियम. पहिल्या १२ कुप्यांची सरासरी ०.९८. दुसऱ्या १६ कुप्यांची ०.७९. सोळांच्या सरासरीत अनिश्चितता चार टक्क्यांवर येते, त्यामुळे हा फरक योगायोगाचा म्हणता येत नव्हता.

रात्री साडेनऊला सरांना फोन केला. ते ऐकत राहिले आणि शेवटी एकच विचारलं, “तुला हे कधी कळलं?” “आज,” म्हटलं. “मग आजची तारीख घालून नोंदवहीत लिहून ठेव. उद्या ४० नंबरची कुपी पुन्हा सील कर. तिसरी तुकडी मोजू नकोस, तिलाही तीच झाकणं आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केलं. एपॉक्सी एव्हाना आलेलं होतं. ४० नंबरच्या कुपीची पॅराफिल्म सोलली, झाकणाची कड पुसली, एपॉक्सीचा पातळ थर कडेने फिरवून लावला आणि भिंगातून पाहिला. एका जागी बुडबुडा होता, तिथे पुन्हा लावला. कुपीवर तारीख लिहिली. समितीची बैठक तेहतीस दिवसांवर होती. अट्ठावीस दिवस प्रतीक्षा, एक दिवस मोजणी. निकाल बैठकीआधी चार दिवस मिळणार होता. पण अहवाल बैठकीच्या पंधरा दिवस आधी द्यायचा असतो. म्हणजे अहवाल देताना माझ्याकडे पुरावा नसणार, फक्त संशय असणार.

माझी खरी कसोटी इथे होती. मसुदा तयार होता. गळती सिद्ध झालेली नव्हती. ७० टक्के तसंच ठेवून दिलं असतं आणि निकाल आल्यावर बैठकीत तोंडी सांगितलं असतं, तरी कुणी खोटेपणाचा ठपका ठेवला नसता. ‘अजून पक्कं नाही तर कशाला लिहायचं’ हा विचार पुष्कळ समंजस वाटतो. दोन दिवस मी तो समंजसच धरून चालले होते. अहवालाच्या फाइलला हात लावला नाही.

मग मागचा अहवाल वाचायला काढला. त्यात कबूल केलेल्या गोष्टी एका बाजूला आणि झालेल्या गोष्टी दुसऱ्या बाजूला लिहायला घेतल्या, तेव्हा पहिल्याच ओळीशी अडकले. कबूल केलं होतं ‘४० कुप्यांची मोजणी’. झालं काय? डिटेक्टरवर २८ ठेवल्या गेल्या हे खरं. पण समितीला ‘मोजणी’ म्हणजे डिटेक्टरवर ठेवलेली कुपी अभिप्रेत नाही. वय काढायला वापरता येईल असा आकडा अभिप्रेत आहे. असे आकडे त्या दिवशी माझ्याकडे १२ होते. उरलेल्या १६ आकड्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता. ज्या आकड्यावर आपला विश्वास नाही तो पूर्ण झालेल्या कामात कसा धरायचा?

म्हणून पहिल्या पानावर असं लिहिलं:

“ठरलेल्या कुप्या ४०. मोजलेल्या २८. मान्य १२. संशयित १६: झाकणातून रेडॉनची गळती झाल्याचा संशय, आधार सोबतच्या तक्त्यात. क्र. ४० नव्याने सील करून तपासणी सुरू आहे. निकाल बैठकीआधी चार दिवस मिळेल. सीलची पद्धत मी बदलली होती. ती बदलताना गळतीची चाचणी घेतली नव्हती.”

सीलची पद्धत बदलल्याचं वाक्य तीनदा लिहून तीनदा बदललं. पहिल्यांदा लिहिलं होतं ‘सीलची पद्धत बदलण्यात आली’. मराठीत कर्ता गाळणं किती सोपं आहे! ‘बदलण्यात आली’ म्हटलं की जणू ती रात्रीतून आपली आपण बदलली. ‘मी बदलली’ लिहिल्यावर वाक्य लहान झालं आणि पुढचं लिहिणं सोपं झालं. विलंबाचा परिच्छेदही असाच सरळ झाला: पाच कुप्या नायट्रोजनमुळे, सात माझ्या जादा फेरमोजणीमुळे. चौकोनात ३० लिहिलं. ‘वेगाने साचलेला गाळ’ काढून टाकला.

सुधारित योजना मी अशी मांडली होती: संशयितांपैकी ४० नंबर सोडून १५, आणि न मोजलेल्या १२, अशा २७ कुप्या नव्याने सील करायच्या. एक आठवडा सीलला, चार प्रतीक्षेला, नऊ मोजणीला. चौदा आठवडे. राखीव वेळ शून्य. लिहितानाच अंगावर काटा आला होता, कारण पुढच्या सहामाहीत परागकणांचं सगळं काम होतं आणि ते मागे ढकललं जाणार होतं.

बैठकीआधी चार दिवस ४० नंबरचा निकाल आला. शिसं-२१४ आधी २४ होतं, आता ३१. एकूण शिसं ३२. म्हणजे अधिकचं शिसं ८ वरून १ वर, आणि अनिश्चितता ३. तळ शून्यावर आला. कोअर पुरेसा खोल होता. मला वाटत होतं त्याहून तो चांगला होता. हा एक कागद घेऊन बैठकीला गेले.

समितीत सर, भूगर्भशास्त्राच्या एक मॅडम आणि बाहेरून आलेले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांची हयात किरणोत्साराच्या मोजणीत गेली आहे. अहवाल त्यांनी वाचला होता हे पहिल्या मिनिटातच कळलं, कारण त्यांच्या प्रतीवर ‘मान्य १२’ या शब्दांखाली रेघ होती. मी दहा मिनिटं सांगितलं. पुढचा सगळा वेळ त्यांच्या एका प्रश्नावर गेला.

“या १६ कुप्यांतला नेमका कुठला आकडा खराब आहे?”

मी म्हटलं, घरचा भाग.

“आणि एकूण शिसं?”

ते ठीक आहे, असं म्हणतानाच मला ते काय म्हणतायत ते दिसलं. रेडॉन गळला तरी आधीपासून कुपीत असलेलं शिसं-२१० कुठे जात नाही. काही आठवड्यांच्या गळतीने त्यात मोजता येईल असा फरक पडत नाही. म्हणजे १६ कुप्यांची २४-२४ तासांची मोजणी वाया गेलेली नव्हती. वजाबाकीतली मोठी संख्या शाबूत होती, फक्त छोटी बाजू पुन्हा मिळवायची होती. आणि ती तर कोअरभर साधारण सारखीच असते, जोवर मातीची जात बदलत नाही. पहिल्या १२ कुप्यांत ती ३१च्या आसपास होती. तळाच्या ४० नंबरमध्येही ३१.

ते म्हणाले, पंधराच्या पंधरा कशाला मोजतेस? खोलीनुसार विखुरलेल्या पाच निवड. त्या ३१शी जुळल्या तर बाकीच्या दहांना सरासरी लाव. नाही जुळल्या तर परत मोज.

मॅडमनी तिथे हात वर केला. मातीची जात बदलत नाही हे गृहीत आहे, म्हणाल्या, आणि ते कोअरच्या वर्णनावरून तपासल्याशिवाय धरू नकोस. कोअर कापताना रंगाच्या नोंदी ठेवल्यास ना? ठेवल्या होत्या. ४९ ते ५१ सेंटिमीटरला फिकट राखाडी पट्टा होता. मग त्यातली एक कुपी पाचांत हवीच.

सरांनी शेवटची भर घातली: मोजणार पाच असलीस तरी पंधराच्या पंधरा आत्ताच सील कर. दहांची गरज पडली तर पुन्हा २८ दिवस थांबायला नको.

अर्ध्या तासात योजना बदलली. सील २७ची, मोजणी १७ची. एक आठवडा, चार आठवडे, सहा आठवडे, आणि दोन आठवडे राखीव. तेरा. माझ्या चौदापेक्षा एकच आठवडा कमी, पण माझ्या चौदांत श्वास घ्यायला जागा नव्हती. शिवाय निवडीची अट इतिवृत्तात लिहिली गेली: पाचांपैकी जी जुळणार नाही तिच्या दोन्ही शेजारच्या कुप्या मोजायच्या. निकाल पाहून नंतर सोयीचा नियम करायची मुभा त्यामुळे राहिली नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

मी सत्तर टक्क्यांचा अहवाल दिला असता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता, हे त्या दिवशी घरी जाताना पुनःपुन्हा मनात येत होतं. विचारायला त्यात काही नव्हतंच. ‘नायट्रोजनमुळे १२ शिल्लक’ यावर समिती फार तर ‘लवकर संपवा’ म्हणेल. आणि ‘संशयित १६’ एवढंच न लिहिता कशामुळे, कुठल्या आधारावर, हेही तक्त्यात दिलं होतं म्हणून तो माणूस थेट आकड्यापर्यंत पोचला. त्यांच्या चाळीस मिनिटांनी माझ्या दहा कुप्यांची मोजणी वाचवली.

इतिवृत्तात शेरा ‘समाधानकारक’ असा आला, सोबत ‘सील पद्धतीत बदल करण्यापूर्वी मार्गदर्शकांना कळवावे’ अशी सूचना. ती सूचना योग्य होती. वाचताना टोचली, तरी योग्य होती.

पुढचं थोडक्यात. क्रमांक १५, १९, ३३, ३६ आणि ३८ या पाच कुप्या निवडल्या. चार जुळल्या, २९ ते ३३च्या दरम्यान. छत्तीस नंबर, ५१ सेंटिमीटर, राखाडी पट्ट्यातली, तिचा आकडा आला ४१. अटीप्रमाणे ३५ आणि ३७ मोजल्या. ३५मध्ये ४०, ३७मध्ये ३२. पट्टा तिथे संपत होता. त्या दोन कुप्या सील होऊन तयारच होत्या, राखीव आठवड्यांत बसल्या.

एक गोष्ट मात्र मला जुन्या कागदावर परत घेऊन गेली. तळाच्या आठ कुप्यांतलं फुगलेलं अधिकचं शिसं ७ ते १० होतं ना, त्यातला तो १० छत्तीस नंबरचाच. एकूण शिसं ४२, गळक्या कुपीतलं शिसं-२१४ ३२. तेव्हा मी त्या एका उंच टिंबाकडे ‘मोजणीतला चढउतार’ म्हणून पाहिलं होतं. तो चढउतार नव्हता. जिथे रेडियम जास्त तिथे रेडॉन जास्त, आणि सुमारे पाचवा हिस्सा गळत असेल तर तिथे गळतंही जास्त. गळतीची खूण पहिल्या दिवसापासून त्या टिंबात होती. आता त्या कुपीतलं अधिकचं शिसं ४२ उणे ४१, म्हणजे १.

पुढच्या सहामाही अहवालाचं पहिलं पान आता समोर उघडं आहे. डावीकडे ‘कबूल’, उजवीकडे ‘झालं’. पहिली ओळ भरली: कबूल १७ कुप्या, झाल्या १९, जादा दोन, ३५ आणि ३७, इतिवृत्तातल्या अटीनुसार. दुसऱ्या ओळीत परागकणांच्या २४ स्लाइड कबूल आहेत. झाल्या आहेत १५. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरवण्याआधी नोंदवही काढली आहे, आणि नऊ स्लाइडचे दिवस एकेक करून शोधते आहे.